तीन मिनिटांचं भाषण: रोज वाचनावर काय बोलायचं?

३ मिनिटं असतील तर ३०० शब्दांच्या पुढे जाऊ नकोस. जास्त लिहिलंस की शेवटी धावपळ होते आणि घंटा वाजते ती नेमकी समारोपात.

विषयात ‘वाचन’ आहे, पण खरा शब्द ‘रोज’ आहे. बहुतेक स्पर्धक ज्ञान, संस्कार, ‘वाचाल तर वाचाल’ यातच अडकतात. तीच सुरुवात परीक्षकांनी त्या दिवशी चारदा ऐकलेली असते. त्यापेक्षा हिशेबाने सुरू कर: “रोज फक्त १० पानं. वर्षाची झाली ३६५०. म्हणजे २०० पानांची १८ पुस्तकं!” ‘फक्त १० पानं’ नंतर थांब, मनात दोन आकडे मोज, मगच पुढचं वाक्य. हा थांबा गेला तर आकडे नुसते वाहून जातात. आणखी आकडे मात्र घालू नकोस, ऐकणाऱ्याला एकच लक्षात राहतो.

मधला भाग एकाच पुस्तकावर ठेव, आणि ते तू खरंच वाचलेलं हवं.

शब्दन्‌शब्द पाठ करू नकोस. एक शब्द निसटला की सगळंच अडतं. पहिलं आणि शेवटचं वाक्य पक्कं कर, मधले फक्त मुद्दे. सराव उभं राहून, घड्याळ लावून. २ मिनिटं ४५ सेकंदांत संपलं पाहिजे.