पाऊस कमी, तरी ‘सामान्य’?

यंदा बेळगावात जूनमध्ये पाऊस कमीच झाला, मग बातमीत ‘सामान्य’ कसं म्हणतात?

आजची सर म्हणजे हवा. तीस वर्षांच्या नोंदींतून दिसतं ते हवामान. सध्याची जागतिक मोजपट्टी 1991–2020 ची. समजा, त्या नोंदींवरून जूनची सरासरी 200 मिमी निघाली आणि यंदा 165 पडला. तूट साडेसतरा टक्के. हवामान खातं 19 टक्क्यांपर्यंतची तूट ‘सामान्य’च धरतं; 150 पडला असता तर ‘कमी’ म्हटलं असतं.

त्यात जिल्ह्याच्या आकड्यात घाटाकडचं खानापूर आणि कोरडं अथणी एकत्र मिसळतात, म्हणून आपल्या तालुक्याचाच आकडा बघा. शिवाय महिन्याची बेरीज खंड लपवते: सगळा पाऊस चार दिवसांत पडला तरी बेरीज तेवढीच, पेरलेलं सोयाबीन मात्र करपून जातं.