यादी घेऊन बोल

सप्रेम नमस्कार,

तुझं पत्र मिळालं. दर सोमवारी तू मीटिंगला बसतेस, मुद्दा मनात तयार असतो आणि मीटिंग संपली तरी तो वहीतच राहतो. धीर कसा गोळा करायचा, असं तू विचारलं आहेस. माझ्या मते तुझी अडचण धीरापेक्षा तयारीची आणि वेळ साधण्याची जास्त आहे, म्हणून त्याबद्दलच लिहितो आहे.

आधी मुद्दा कोणता घ्यायचा ते बघू. खोलीतल्या सगळ्यांनी तुझ्यापेक्षा जास्त वर्षं काढली आहेत, त्यामुळे "आपण एकूण काम कसं करावं" अशा विषयावर तुझ्या मताला वजन येणार नाही. पण तुझ्या टेबलावरून रोज जे कागद जातात, ते दुसरं कुणी बघत नाही. १९८५ साली स्टॅसर आणि टायटस या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. काही उमेदवारांतून सर्वांत चांगला निवडायचा होता, पण त्याच्या जमेच्या बाजू गटातल्या वेगवेगळ्या माणसांकडे थोड्याथोड्या वाटून दिल्या होत्या. गट बोलत राहिले ते मुख्यतः सगळ्यांना आधीच ठाऊक असलेल्या गोष्टींवर. एकेकट्याकडची माहिती फारशी पुढे आली नाही आणि बहुतेक गटांची निवड चुकली. तुमच्या मीटिंगमध्येही हेच होत असणार. तेव्हा मुद्दा निवडताना एकच कसोटी लाव: ही गोष्ट फक्त मला दिसते का?

तू लिहिलेलंच उदाहरण घेऊ. तुमची टीम घरगुती उपकरणं दुरुस्त करते आणि तू फोन घेऊन तक्रारी नोंदवतेस. तंत्रज्ञ घरी जातो, पण काम पूर्ण होत नाही, म्हणून पुन्हा जावं लागतं. या दुसऱ्या फेऱ्यांवर दर आठवड्याला चर्चा होते. कुणी प्रशिक्षणाचं बोलतं, कुणी सुट्या भागांच्या साठ्याचं. तुला मात्र वाटतं की फोनवर आपण मॉडेल नंबरच विचारत नाही, आणि गडबड तिथून सुरू होते.

"वाटतं" एवढ्यावर मीटिंगमध्ये जाऊ नकोस. आधी नोंदी काढ. समज, गेल्या महिन्यात ३० दुसऱ्या फेऱ्या झाल्या. प्रत्येकीसमोर तंत्रज्ञाने लिहिलेला शेरा वाच आणि एका कागदावर तीन रकाने कर: तारीख, कारण, फोनच्या वेळी मॉडेल नंबर नोंदवला होता की नाही. तासाभराचं काम आहे. समज, ११ फेऱ्या अशा निघाल्या की तंत्रज्ञ भाग घेऊन गेला होता, पण तो दुसऱ्या मॉडेलचा होता, आणि त्या अकराही नोंदींत मॉडेल नंबरची जागा रिकामी होती.

आता ही यादी एखाद्या तंत्रज्ञाला दाखव, मीटिंगच्या आदल्या दिवशी, चहाच्या वेळी. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग भर मीटिंगमध्ये तोंडघशी पडतात. तो कदाचित म्हणेल, "यातल्या या दोन माझ्या आहेत. तिथे भाग बरोबर होता, पण खोक्यातच तुटलेला निघाला." म्हणजे अकराच्या नऊ झाल्या. आकडा कमी झाला म्हणून हिरमुसू नकोस. ज्या आकड्यातली खोट काढून झाली आहे, तो पुढे कुणी पाडू शकत नाही. शिवाय त्या खोलीत किंवा खोलीबाहेर तुझा मुद्दा आधी ऐकलेला एक माणूस तयार झाला.

तंत्रज्ञांच्या प्रमुखांनाही आधी सांग. "चुकीचा भाग नेला" हे शब्द त्यांनी मीटिंगमध्ये पहिल्यांदा ऐकले, तर ते त्यांना आपल्या माणसांवरचा ठपका वाटेल आणि पुढची दहा मिनिटं बचावात जातील. कारण सांगताना ते तुझ्या टेबलावरच ठेव: "फोन घेताना आम्ही मॉडेल नंबर विचारत नाही." स्वतःच्या कामातली उणीव दाखवणाऱ्यावर कुणी धावून येत नाही, आणि इथे तर खरं कारणही तेच आहे.

आता बोलायची जागा. तू लिहितेस की सगळे थांबतील म्हणून वाट बघते, पण कुणी थांबतच नाही. थांबणारही नाहीत. दहा भाषांतली संभाषणं मोजून २००९ साली जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतचं अंतर सरासरी सेकंदाच्या पाचव्या भागाएवढं निघालं. एवढ्या वेळात वाक्य जुळवणं कुणालाच जमत नाही. म्हणजे समोरचा बोलत असतानाच लोकांनी आपलं वाक्य तयार ठेवलेलं असतं. तू शांतता झाल्यावर वाक्य शोधायला लागतेस, तोवर दुसऱ्याने सुरुवात केलेली असते. म्हणून पहिलं वाक्य पाठ असू दे. बाकीची वाक्यं त्या त्या वेळी सुचली तरी चालतील.

त्याहून सोपा मार्ग म्हणजे जागा आधीच मागून ठेवणं. मीटिंग घेणाऱ्यांना सकाळी निरोप टाक: "सर, दुसऱ्या फेऱ्यांचा विषय निघेल तेव्हा मला एक आकडा सांगायचा आहे, दीड मिनिट लागेल." यात विषय आहे, वेळ आहे आणि भाषण होणार नाही याची हमीही आहे, त्यामुळे नाही म्हणायला फारसं कारण उरत नाही. हे जमलं नाही तर विषय निघाल्यावर पहिल्या दोन-तीन जणांनंतर बोल, आधीच्या माणसाचा शब्द धरून: "साठ्याचा मुद्दा निघालाच आहे, तर त्याला जोडून माझ्याकडे एक आकडा आहे." शेवटच्या "आणखी कुणाला काही?" साठी मुद्दा राखून ठेवू नकोस. तोपर्यंत वह्या मिटलेल्या असतात आणि निर्णय झालेला असतो. मीटिंग स्क्रीनवर असेल, तर हात वर केल्याची खूण कर आणि आवाज आधीच सुरू करून ठेव. बटण शोधण्यात जाणारे दोन सेकंद तिथे फार पडतात.

बोलायचं ते साधारण असं:

"गेल्या महिन्यातल्या ३० दुसऱ्या फेऱ्यांपैकी ९ फेऱ्या भाग दुसऱ्या मॉडेलचा निघाल्यामुळे झाल्या. त्या नऊही वेळी फोनवर आम्ही मॉडेल नंबर घेतला नव्हता. ग्राहकाकडून मशीनच्या मागच्या स्टिकरचा फोटो मागवला तर तो आधीच कळेल. पुढचे दोन आठवडे फक्त माझ्याकडे येणाऱ्या फोनवर हे करून बघू का?"

अर्ध्या मिनिटात होतं. क्रम बघ: आधी आकडा, मग कारण, मग उपाय, आणि शेवटी मागणी. मागणी मुद्दाम लहान ठेवली आहे. सगळ्या टीमची पद्धत बदला म्हटलं तर मॅनेजरला विचार करायला वेळ लागेल. तुझ्यापुरतं दोन आठवडे म्हटलं तर "बरं, बघ करून" म्हणणं सोपं जातं.

या वाक्यांच्या आधी "मी नवीन आहे, कदाचित चुकत असेन" हे शेपूट लावू नकोस. त्याने नम्रता दिसत नाही, ऐकणाऱ्याला मुद्दा बाजूला सारायची परवानगी मात्र मिळते. तुला खरोखर शंका असेल तर ती मोजून सांग: "मी एकाच महिन्याच्या नोंदी पाहिल्या आहेत." ही प्रामाणिक मर्यादा आहे, आणि तिने उलट विश्वास वाढतो.

बोलून झालं की थांब. दोन-तीन सेकंद कुणीच काही बोलणार नाही. लोक नऊ आणि तीसचा हिशेब करत असतील. तुला ती शांतता नकार वाटेल आणि "म्हणजे, तसं काही अगदी गरजेचं नाही" असं तोंडून निघून जाईल. तुझ्या आतापर्यंतच्या पत्रांवरून मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती याच क्षणाची. वहीकडे बघ, पेन खाली ठेव, पण बोलू नकोस.

मग आक्षेप येईल. सर्वांत नेहमीचा म्हणजे, "हे आम्ही पूर्वी करून पाहिलंय." यावर वाद घालू नकोस, गप्पही बसू नकोस. विचार: "तेव्हा नेमकं कुठे अडलं होतं?" आणि उत्तर लिहून घे. समज, कळलं की तेव्हा ग्राहकाला नंबर फोनवर वाचायला सांगायचे आणि लोक शून्य आणि इंग्रजी ओ यांत गल्लत करायचे. फोटोत ही गल्लत खूपच कमी होते, म्हणजे तुझा उपाय त्या अडचणीलाच उत्तर आहे. पण ज्यांना फोटो पाठवता येत नाही, मशीन भिंतीला लागून आहे, असे ग्राहकही असतात, हा आक्षेप खरा आहे. तिथे लगेच मान्य कर: "त्यांची तक्रार अडवायची नाही, नोंदीत फक्त 'फोटो नाही' असं लिहीन." आक्षेपाने सूचना सुधारली, तर ती आता आक्षेप घेणाऱ्याचीही झाली.

कधी असंही होईल की तू सांगितलेलंच दहा मिनिटांनी कुणी ज्येष्ठ मोठ्या आवाजात सांगतील आणि सगळे माना डोलावतील. लागतं मनाला, हे मी नाकारत नाही. तरी तिथे "हे मीच म्हणाले होते" म्हणू नकोस. "हो, त्या नऊ फेऱ्यांची यादी माझ्याकडे आहे, आज सगळ्यांना पाठवते" एवढं म्हण. काम कुणाच्या हातात आहे ते त्यातून कळतं. आणि यादी त्याच दिवशी पाठव, सोबत तीन ओळी: काय ठरलं, कधीपासून, आकडा कोणत्या तारखेला सांगशील.

एक अपवाद लक्षात ठेव. मुद्दा एकाच माणसाच्या चुकीचा असेल तर तो मीटिंगमध्ये नको, त्या माणसाशी एकट्याने बोल. आणि कुणाला इजा होण्यासारखं काही दिसलं, एखाद्या मॉडेलच्या वायरचं प्लास्टिक वितळल्याच्या तक्रारी लागोपाठ आल्या, तर सोमवारची वाट बघू नकोस, यादीही करत बसू नकोस. त्याच क्षणी उठून सांग.

दोन आठवड्यांनी आकडा सांगायची पाळी येईल. समज, तुझ्याकडे ४० फोन आले, २६ जणांनी फोटो पाठवले, आणि त्या २६ पैकी एकाकडेच चुकीच्या भागामुळे पुन्हा जावं लागलं. हे तसंच सांग, उरलेल्या १४ जणांसकट आणि त्या एका फेरीसकट. प्रत्येक फोन किती लांबला तेही मोजून ठेव, कारण कुणीतरी ते विचारणारच. त्यासाठी पहिल्याच दिवशी नोंदवहीत एक रकाना जास्त आखून घे.

तुझा,
एक जुना सहकारी