अन्यायाचा राग आणि गुन्हा

प्रश्न: पैशाची अडचण नसलेली मुलंही गुन्ह्याकडे का वळतात? ताणामुळे माणूस गुन्ह्याकडे ढकलला जातो असं मानणाऱ्या ताण सिद्धांतात याचं उत्तर आहे का?

आहे, पण गुन्हेशास्त्रज्ञ रॉबर्ट अ‍ॅग्न्यू यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या व्यापक रूपात. त्याआधी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांचा भर पैसा-प्रतिष्ठेची वाट अडण्यावर होता. अ‍ॅग्न्यू यांनी त्यात प्रिय व्यक्ती गमावणं आणि मारहाण, अपमान, भेदभाव सोसणंही धरलं. ‘हे माझ्यावर मुद्दाम केलं’ असं वाटलं की राग येतो; बदल्याची इच्छा जागते, परिणामांचा विचार मागे पडतो. अमेरिकेत आयोवा आणि जॉर्जियातल्या कृष्णवर्णीय मुलांच्या अभ्यासात वांशिक भेदभाव आणि गैरवर्तन यांचा संबंध दिसला, आणि त्यातला दुवा काही अंशी राग होता. अर्थात, चिडलेला प्रत्येकजण गुन्हा करत नाही. घरचा आधार, तक्रार ऐकणारं कुणी, सोबतची मुलं कशी आहेत, यावर बरंच ठरतं.