पाळीच्या आधी छातीत गाठी आणि दुखणं, नॉर्मल आहे का?

प्रश्न: पाळीच्या आठवडाभर आधी दोन्ही स्तन दुखतात, हाताला गाठी गाठी लागतात, पाळी आली की कमी होतं. डॉक्टरकडे जायला हवं का?

उत्तर: तुम्ही सांगताय तसं दोन्हीकडे होत असेल आणि पाळीनंतर खरंच ओसरत असेल तर हा बहुतेक हार्मोन्सचा नेहमीचा बदल आहे. मी स्त्रीरोग ओपीडीत नर्स आहे, हे रोज ऐकते. अंडं सुटल्यानंतर प्रोजेस्टेरॉन वाढतं, दुधाच्या ग्रंथी फुगतात, पाणी साठतं, म्हणून जडपणा येतो आणि काखेकडच्या वरच्या भागात दाणेदार, दोरखंडासारखं लागतं, कडा कुठे सुरू कुठे संपते ते कळत नाही. पण पाळीआधी चाचपून घाबरू नका, तेव्हा सगळंच गाठीसारखं लागतं. समजा पाळी १ तारखेला आली तर ८-९ तारखेला बोटांच्या पेरांनी हात फिरवून बघा. दाणे मऊ झाले असतील तर ठीक, पण एकच वेगळी गाठ तशीच तिथेच लागत असेल तर दाखवा, सोनोग्राफी करून ती पाण्याची आहे की भरीव ते कळतं. आणि हे दिसलं तर पाळीची वाट न बघता जा:

- काखेत गाठ
- कातडीला खळी किंवा संत्र्याच्या सालीसारखी जाडी
- निप्पल नव्याने आत ओढलं जाणं
- निप्पलमधून आपोआप रक्त किंवा पाणी येणं

एक मात्र लक्षात ठेवा, गाठ दुखत नाही म्हणजे काही नाही असं नसतं, कॅन्सरची गाठ सुरुवातीला बऱ्याचदा दुखतच नाही.