मुलांच्या आजीला लिहायचं पत्र

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझा मसुदा वाचला. चार पानांपैकी साडेतीन पानं तुमच्या संसाराची आहेत आणि मुलं शेवटच्या अर्ध्या पानात येतात. पंचवटीतल्या त्या घरात पाकीट उघडलं जाईल तेव्हा आधीची साडेतीन पानं घरातले सगळे वाचतील, त्यावर बोलतील, आणि अर्ध्या पानापर्यंत पोचेतो कुणाचं मन थाऱ्यावर नसेल. म्हणून तो मसुदा तुझ्यापाशीच ठेव. लिहून तुला मोकळं वाटलं असेल तर त्याचं काम झालं. सासूबाईंना पाठवायचं पत्र वेगळं, आणि ते एका पानाचं.

लिहिण्याआधी दोन कामं कर. पहिलं, घटस्फोटाच्या हुकमाबरोबरच्या संमतीपत्रातली मुलांच्या भेटीची कलमं पुन्हा वाच. बाबांच्या भेटीला दुसरा आणि चौथा रविवार ठरलाय, आजीबद्दल एक अक्षरही नाही. बहुतेक संमतीपत्रांत ते नसतंच, कारण वाटाघाटी नवरा-बायकोच्या चालतात. नवऱ्याची नोकरी पुण्याला. त्याचा एखादा रविवार हुकला की आजीची भेटही आपोआप हुकते. तुझ्या पत्राने भरायची आहे ती एवढीच फट.

दुसरं काम, मुलांच्या बाबांना दोन ओळींचा मेसेज: 'मुलांना तुमच्या आईंकडे पहिल्या रविवारी दोन तास न्यावं असं आहे. तुमच्या ठरलेल्या रविवारांत यामुळे काही बदल होणार नाही.' त्याची परवानगी मागू नकोस, पण त्याला कळलेलं असू दे. हे आधी आईकडून कानावर गेलं तर 'माझ्यामागे माझ्या घरात लुडबूड' असा अर्थ निघतो आणि मग आजीला दोघांमध्ये उभं राहावं लागतं.

पत्र हातानेच लिही. व्हॉट्सअॅपवर लिहिलेलं पाच मिनिटांत नणंदेकडे, जावेकडे जातं आणि उत्तर सगळ्यांच्या मताने येतं. पाकीट मात्र पोचपावतीचं नको. सही करून घ्यायचं पाकीट दारात आलं की त्या घरात अजून वकिलाची नोटीसच आठवेल. साधं पाकीट, तुझ्या अक्षरातला पत्ता. पाठवण्याआधी फोटो काढून ठेव. मुलीच्या दप्तरातून तर अजिबात पाठवू नकोस. सात वर्षांच्या पोरीला निरोप्याचं काम दिलं की पत्र वाचताना आजीचा चेहरा कसा झाला हेही तिलाच पाहावं लागतं.

आता मायना. तू 'आदरणीय काकू' लिहिलं आहेस. नऊ वर्षं ज्यांना 'आई' म्हणालीस त्यांना एका कागदाने काकू केलंस, तर पुढचं सगळं त्या त्याच जखमेतून वाचतील. 'तीर्थस्वरूप आई' लिही. 'सासूबाई' नको, ते नातं कागदावर संपलंय. शेवटी सही करताना 'सौ.' नको आणि 'तुमची सून'ही नको. नुसतं तुझं नाव लिही.

मजकुरात शब्द जपून वापर. तुझ्या मसुद्यात 'माझी मुलं' सात वेळा आलंय. तिथे नुसतं 'मुलं' लिही, एखाद्या ठिकाणी 'तुमची नातवंडं'. 'भेटू द्यायला माझी हरकत नाही' हे वाक्य तुला उदार वाटतं, पण त्यात दाराची किल्ली तुझ्या हातात आहे हे दाखवणं आहे. आणि 'झालं गेलं गंगेला मिळालं' हे काढच. तुझ्यापुरतं ते मिळालं असेल. त्यांच्या मुलाचा संसार मोडलाय, तो विसरा असं सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही.

पोटगी, तुझे दागिने, फ्लॅटचे हप्ते यांतलं काहीही या पत्रात येऊ देऊ नकोस, पुसटसा उल्लेखही नको. कायद्याच्या दृष्टीने पोटगी आणि मुलांची भेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक थकली म्हणून दुसरी अडवता येत नाही. पण एकाच पानावर दोन्ही आल्या की वाचणाऱ्याला मुलांच्या भेटीची किंमत सांगितल्यासारखं वाटतं. आणखी एक लक्षात ठेव. कुटुंब न्यायालय कायदा, 1984 च्या कलम 14 प्रमाणे हे न्यायालय एरवी पुराव्यात न बसणारा कागदही उपयोगी वाटला तर पाहू शकतं. उद्या ताब्याचा प्रश्न पुन्हा निघाला तर हे पत्रही न्यायाधीशांसमोर जाऊ शकतं. तिथे वाचलं गेलं तरी तुला मान खाली घालावी लागणार नाही, असंच लिही.

मी एक मसुदा करून देते. शब्द तुझे घाल, क्रम मात्र हाच ठेव.

'तीर्थस्वरूप आई यांस,
सा. न. वि. वि.
मुलं बरी आहेत. मोठीची परीक्षा जवळ आली आहे. धाकटा आता स्वतःच्या हाताने जेवतो, पण भातावर तूप तुम्ही घालायचात तेवढंच लागतं. परवा मोठीने विचारलं, आजी यंदा कुरडया कधी करणार?
एप्रिलच्या पहिल्या रविवारी सकाळी साडेनऊ ते साडेअकरा मुलांना तुमच्याकडे पाठवावं असं मनात आहे. हे त्यांच्या बाबांच्या ठरलेल्या रविवारांखेरीज आहे, त्यांनाही कळवलं आहे. माझा भाऊ सोडायला आणि न्यायला येईल.
मुलांसमोर मी तुमच्याबद्दल किंवा त्यांच्या बाबांबद्दल वावगं बोलत नाही, बोलणारही नाही. तुमच्याकडेही त्यांच्यासमोर कोर्टाचा, आमच्या दोघांचा विषय निघू नये, एवढी विनंती आहे.
धाकट्याला शेंगदाण्याने अंगावर गांधी उठतात, डॉक्टरांनी बंद केलाय. तुमचे रव्याचे लाडू चालतात, त्याला आवडतात.
हा दिवस सोयीचा नसेल तर दुसरा सांगा. वीस तारखेपर्यंत कळवलंत तर बरं होईल.'

आधी मुलांची बातमी, कारण गेले दोन महिने त्या घराला तीच मिळालेली नाही. मग भेटीचा दिवस, मग आपला शब्द, आणि त्यानंतरच विनंती. विनंती आधी आली तर ती अट वाटते. शेंगदाण्याच्या ओळीत कारणही आहे आणि काय चालतं तेही आहे. नुसतं 'शेंगदाणे देऊ नका' लिहिलं असतं तर चाळीस वर्षं स्वयंपाकघर सांभाळलेल्या बाईला ती शिकवणी वाटली असती.

'दर महिन्याला पाठवीन' असं मात्र लिहू नकोस. आत्ता एका भेटीचंच बोल. तीन भेटी नीट झाल्या की नियम आपोआप पडतो. आधी शब्द देऊन तो दुसऱ्याच महिन्यात हुकला, तर पहिल्यापेक्षा मोठी कटुता येते. भेट पक्की लेखी हवी अशी वेळ आलीच, तर दोघांच्या संमतीने न्यायालयात अर्ज करून कलम बदलून घेता येतं. त्याची घाई नाही.

दोन तासच का, हे तू विचारलं होतंस. तीन वर्षांचं मूल अनेक आठवड्यांनी त्या घरात जातंय. पहिला अर्धा तास ते बुजेल, मग तासभर रमेल, आणि दमून किरकिरं व्हायच्या आत निघालेलं बरं. रंगपंचमीला बोलवतील, रहाडीवर न्यायचं म्हणतील, पण पहिली भेट सणाची नको. घरभर नातेवाईक असतात आणि कुणीतरी पोरांना जवळ घेऊन 'बिचारी लेकरं' म्हणतंच. कुरडयांची सकाळ त्यापेक्षा पुष्कळ चांगली. वाटीभर चीक, त्यात साखर आणि दूध, मोठीच्या हातात सोऱ्या धरायला. आजीचे हात कामात असले की प्रश्न कमी विचारले जातात. धाकट्याला चुलीपासून लांब बसवायला मात्र भावाकडून सांगून ठेव, चीक फार वेळ गरम राहतो.

इंदिरानगरहून निघताना द्वारका चौकात किती वेळ जाईल ते सांगता येत नाही, तेव्हा पाऊण तास हाताशी ठेव. एरवी पंधरा मिनिटं उशीर कुणी मोजत नाही, पण या दिवशी त्याचा अर्थ काढला जाईल. न्यायला जातानाही वेळ पाळायची. भावाने दारातच मुलं घ्यावीत, चहाला बोलावलं तर 'पुढच्या वेळी' म्हणावं.

मुलं परत आली की उलटतपासणी नको. 'काय खाल्लंस?' एवढं पुरे. निघताना धाकटा रडेल, घरी येऊन तासभर चिडचिड करेल. एवढ्यावरून तिकडे काही वाईट घडलं असं धरू नकोस. दोन घरांत ये-जा करणाऱ्या लहान मुलांचं असंच होतं, जेवून झोपली की उतरतं. मोठीच्या तोंडी 'पोटगी', 'केस' असे शब्द यायला लागले, किंवा प्रत्येक भेटीच्या आदल्या रात्री पोट दुखायला लागलं, तर मात्र लक्ष दे. तेव्हाही चिठ्ठी एका ओळीचीच: 'मोठी कोर्टाबद्दल विचारत होती, तिच्यासमोर तो विषय नको, एवढं पाहाल का?' कोण बोललं ते विचारू नकोस, नाव घ्यायला लावलंस की भांडण सुरू.

उत्तर कदाचित तिखट येईल. 'एवढं सगळं करून आता आठवण झाली का?' असंही येईल. त्यातल्या रागाला उत्तर द्यायचं नाही, दिवसाला द्यायचं: 'तुमचा राग मी समजू शकते. मुलं पहिल्या रविवारी साडेनऊला येऊ शकतील, तुम्हाला चालेल का?' काहीच उत्तर आलं नाही तर वीस तारखेनंतर एक छोटा मेसेज कर, मग थांब. पुढचं पाऊल मोठीच्या वाढदिवसाला, तिने स्वतः काढलेलं चित्र आणि त्यामागे तिच्याच अक्षरात 'आजीला'. तेव्हा तुझी ओळ नसली तरी चालेल.

त्या घरात तुला किंवा मुलांना मारहाण झाली असती, किंवा संरक्षणाचा आदेश असता, तर मी हे पत्र लिहूच दिलं नसतं, सगळं वकिलामार्फत करायला सांगितलं असतं. तुझ्या बाबतीत तसं नाही, हे तूच दोनदा सांगितलंस, म्हणून हा मार्ग.

आज रात्री लिही, उद्या सकाळी मोठ्याने वाच. वाचताना आवाज चढतो ते वाक्य काढून टाक आणि उरलेलं पाकिटात घाल. एप्रिलचा पहिला रविवार कोणत्या तारखेला येतो ते कॅलेंडरवर पाहून पत्रात तारीखही घाल, म्हणजे त्या भिंतीवरच्या कालनिर्णयावर खूण करून ठेवतील.

तुझी,
मावशी