आईचा अंगठा, साक्षीदाराची सही आणि 'अधिकृत प्रतिनिधी'

प्रश्न: आईला लिहिता-वाचता येत नाही. बँकेचे, पेन्शनचे सगळे फॉर्म मीच भरतो. तिच्या अंगठ्याशेजारी साक्षीदार म्हणून मीच सही केली तर चालेल का? की 'अधिकृत प्रतिनिधी' म्हणून माझं नाव टाकून मोकळा होऊ?

साक्षीदार म्हणून शक्यतो नको, प्रतिनिधी म्हणून तर मुळीच नको. घाईत असाल तर एवढं पुरे. पुढचं लांबणार आहे, कारण ह्याच विषयावरून आमच्या घरात दोन भावंडांची धुसफूस अजून चालू आहे आणि त्यातली एक मी.

मी एका पतसंस्थेत काउंटरवर काम करते. अंगठ्याची खाती रोजची आहेत. लोक तीन वेगळी माणसं एकच समजतात: फॉर्म लिहून देणारा, अंगठा उमटताना बघणारा आणि अर्जदाराच्या जागी उभा राहणारा. आईचा फॉर्म भरताना तुम्ही फक्त पहिले. अर्जदार आईच. तिला व्यवहार कळतो, अक्षर कळत नाही एवढंच. त्यामुळे तिला पालक लागत नाही. जनरल क्लॉजेस ॲक्ट 1897 चा आहे, आणि ज्याला नाव लिहिता येत नाही त्याची निशाणी म्हणजे सहीच, हे त्यात तेव्हापासून लिहिलेलं आहे. तरी काउंटरवरचे आमचेच काही लोक अंगठा बघितला की आधी मुलाकडे बघून बोलतात. मला त्याची चीड आहे.

प्रतिनिधीच्या रकान्याचं उदाहरण पॅनच्या अर्जाचं घ्या. तो रकाना वयाने अज्ञान मुलं, मानसिकदृष्ट्या अक्षम माणसं, मयत व्यक्ती अशांसाठी आहे. मुलगा हौसेने स्वतःचं नाव घालतो, मग त्याच्या ओळखीचे कागद मागतात आणि अर्ज लटकतो. आईसाठी तो रकाना कोरा सोडायचा आणि सहीच्या चौकटीत तिचा डावा अंगठा घ्यायचा. मात्र त्या अंगठ्यावर मॅजिस्ट्रेट, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचं सही-शिक्क्यासह साक्षांकन लागतं. तिथे शेजारच्या काकांची सही कामाची नाही.

आता आमच्या घरचं. वडील गेले तेव्हा त्यांच्या फंडाचे पैसे आईच्या नावाने एफडीत ठेवले. बँक तालुक्याची, आईचं खातं अंगठ्याचं. दादा पुण्याला असतो. त्याला बँकेत आईचा अंगठा शाईच्या पॅडवर दाबलेला बघून लाज वाटली. ती त्याने बोलूनही दाखवली. मग दिवाळीच्या सुट्टीत त्याने आईला सही शिकवली. पाटी आणली, वही आणली, आईने पानंच्या पानं भरली. तिला मजा आली हे मी नाकारत नाही. सुट्टी संपायच्या आत दादाने बँकेत अर्ज देऊन अंगठ्याचं खातं सहीचं करून घेतलं आणि त्याच दमात नॉमिनी म्हणून स्वतःचं नाव लावलं. जाताना आईकडून पैसे काढायच्या स्लिपा कोऱ्याच सह्या करून घेतल्या आणि चुलतभावाकडे देऊन गेला. म्हणजे आईला बँकेत जायला नको. ह्या कोऱ्या स्लिपांवरून मी तेव्हाच भांडले होते.

पुढे काय होणार ते आमच्या धंद्यातलं कुणीही सांगू शकलं असतं. अशी शिकवलेली सही हे लिहिणं नसतं, ते चित्र असतं. आईच्या नावात दोन जोडाक्षरं आहेत. आधी रफार उडाला, मग वेलांटी उलट्या बाजूला गेली. मोतीबिंदू वाढला तसं चित्र स्लिपेच्या रेघेखाली उतरायला लागलं. ऑपरेशन ठरलं तेव्हा एफडी मोडायला गेलो आणि स्लिप परत आली: सही जुळत नाही. ऑफिसरने आईला समोर बसवून पुन्हा पुन्हा सही करायला सांगितली. प्रत्येक सही वेगळी. आई शरमिंदी होऊन माझ्याकडे बघत होती. ऑफिसरची चूक नव्हती, त्याच्या जागी मीही तेच केलं असतं. नमुन्याशी जुळली नाही तर पैसे द्यायचे नाहीत, ह्यासाठीच तर नमुना घेतात.

अंगठ्याच्या खात्यात हा प्रकारच नसतो. लोकांना वाटतं आम्ही भिंग लावून रेषा जुळवतो. तसं काही नाही. आम्ही पासबुकावरचा फोटो आणि समोरचं माणूस जुळवतो, आणि अंगठा आपल्यासमोर घेतो. उसाची मोळी बांधून किंवा सिमेंट कालवून ज्यांच्या रेषा झिजल्यात त्यांचाही कागदावरचा अंगठा चालतो. त्यांचं अडतं ते मशीनवर. हयातीच्या दाखल्याला मशीन अंगठा घेत नसेल तर जीवन प्रमाण आता चेहरा दाखवूनही होतं, त्या मशीनशी झटत बसू नका.

तर मी आईला घेऊन पुन्हा बँकेत गेले. अर्ज असा लिहिला: 'वय व दृष्टीमुळे माझी सही नमुन्याप्रमाणे होत नाही, तरी यापुढे माझ्या खात्यावर अंगठ्याची निशाणी ग्राह्य धरावी.' सोबत नवीन फोटो, आधार, पासबुक आणि दोन साक्षीदार. दादा त्या दिवशी आला होता. तो साक्षीदार व्हायला पुढे झाला तर ऑफिसर म्हणाले, "तुम्ही नॉमिनी आहात, दुसरं कुणी आणा." कायद्यात मुलाला सरसकट बंदी आहे असं नाही. पण साक्षीदार स्वतंत्र हवा, म्हणजे त्या कागदातून त्याचा स्वतःचा फायदा निघता कामा नये, आणि बँक हे कसोशीने बघते. उद्या भांडण कोर्टात गेलं तर आधी हेच विचारतात की निरक्षर बाईच्या कागदावर साक्ष कुणाची आणि लाभ कुणाचा. शेवटी आमच्या गल्लीतले निवृत्त गुरुजी आणि वाण्याच्या दुकानातले काका आले, दोघांचीही खाती त्याच शाखेत.

क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून तो सांगते. आधी फॉर्म पूर्ण भरायचा आणि उरलेल्या रकान्यांवर आडवी रेघ मारायची. मग तो आईला मोठ्याने वाचून दाखवायचा, साक्षीदारांच्या देखत. रक्कम, मुदत, नॉमिनीचं नाव तिच्या तोंडून परत वदवून घ्यायचं. अंगठा सगळ्यात शेवटी. अंगठा ओल्या फडक्याने पुसून कोरडा करायचा, शाई थोडीच लावायची, एकदाच हलका टेकवून उचलायचा. दाबला की नुसता डाग पडतो आणि रेषा दिसत नाहीत. अक्षरांवर अंगठा नको. शेजारी आईचं पूर्ण नाव आणि कोणत्या हाताचा अंगठा ते लिहायचं. डावा की उजवा ह्याची रीत ठिकठिकाणी वेगळी आहे, कुठे बायकांचा उजवा घेतात. विचारून घ्या आणि पुढे प्रत्येक वेळी तोच द्या. खाली मी स्वतः लिहिलं: 'वरील मजकूर मी अर्जदारास मराठीत वाचून दाखवला व समजावून सांगितला. तो त्यांना मान्य आहे. त्यानंतर त्यांनी आमच्यासमक्ष अंगठा उमटवला.' वाचणारी म्हणून माझं नाव, सही, पत्ता, तारीख. साक्षीदारांच्या सह्या त्याखाली, त्यांच्याही पत्त्यासकट. तुम्ही आईसाठी सही करायची ती ह्या जागी.

नॉमिनेशनचा नियम लोकांना माहीत नसतो. बँकेच्या नॉमिनेशन फॉर्मवर खातेदाराने सही केली तर साक्षीदार लागत नाही. अंगठा असेल तर दोन लागतात. एकाच साक्षीदारावर फॉर्म घेतला गेला असेल तर आजच तपासा, माणूस गेल्यावर तो दुरुस्त करता येत नाही.

दादाने गाडीत बसल्या बसल्या फोन केला. "तू आईला परत अंगठेबहाद्दर केलंस," म्हणाला. वर हेही की अंगठा काय, झोपेतही घेता येतो, उद्या तू कशावरही घेशील. अंगठ्याच्या जोरावर जमिनी लाटलेल्या गावात आम्ही वाढलो, त्यामुळे त्याची भीती खोटी नाही. पण त्या जमिनी गेल्या त्या कोऱ्या कागदावर घेतलेल्या अंगठ्याने. आईच्या सहीच्या कोऱ्या स्लिपा कुणी वाटल्या होत्या? अंगठा म्हटलं की बँक माणूस समोर आणायला लावते, साक्ष मागते. सही म्हटलं की कुणी काही विचारत नाही. साठीपुढच्या निरक्षर आईला केवळ आपली लाज झाकायला सही शिकवू नये, हे माझं मत आहे आणि ते बदलणार नाही.

अर्थात अंगठ्याची गैरसोय आहेच. चेकबुक सहसा मिळत नाही, दर वेळी आईला स्वतः जावं लागतं. अंथरुणाला खिळली असेल तर रिझर्व्ह बँकेच्या सूचनांमध्ये वाट आहे: अंगठा किंवा पायाच्या अंगठ्याचा ठसा दोन स्वतंत्र साक्षीदारांसमोर घ्यायचा, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. तेही जमत नसेल तर नुसती खूण चालते, साक्ष तीच, आणि पैसे कोण घेऊन जाणार ते आई बँकेला सांगू शकते. सत्तरीपुढच्यांना घरी येऊन सेवा द्यायला बँकांना 2017 मध्येच सांगितलंय. शाखेत 'आमच्याकडे नाही' म्हणाले तर लेखी द्या म्हणावं, सूर बदलतो.

मुखत्यारपत्र हा तुमच्या 'मोकळा होऊ'चा खरा मार्ग. तो आई शुद्धीत आणि समजत्या मनाची असतानाच करता येतो, आणि तिची समजच गेली किंवा ती गेली की ते पत्रही संपतं. आजारपणासाठी म्हणून करून ठेवतात आणि नेमकं कोमात गेल्यावर बाहेर काढतात. तेव्हा त्याचा उपयोग नसतो, पालक नेमून घ्यायला कोर्टातच जावं लागतं. करायचंच तर ठरावीक खातं आणि ठरावीक काम लिहून करा. 'सर्व अधिकार'वालं नको.

आणि हो, तुमची आई चाळिशी-पन्नाशीची असेल, हात स्थिर असेल, तिला स्वतःला हौस असेल, तर सही जरूर शिकवा. वर्षभर वहीत एकसारखी येऊ दे, मग खात्याला लावा. नाहीतर खातं अंगठ्याचं ठेवा आणि सही तिला लग्नाच्या आहेराच्या पाकिटावर करू दे. आमची आई तेच करते.

दादा, हे तुझ्या वाचनात आलंच तर: एफडीवर नॉमिनी अजून तूच आहेस. फॉर्म बघून घे, साक्षीदार दोन आहेत.