मोटेत पाखरू कुठून आलं?

प्रश्न: संपूर्ण गीतात एकच रूपक शेवटपर्यंत कसं टिकवायचं? माझ्या दुसऱ्या-तिसऱ्या कडव्यात दुसरीच प्रतिमा घुसते. आधी त्या विषयातल्या शब्दांची यादी करून लिहावं का?

यादीचं नंतर बोलू. आधी माझं एक गाणं सांगतो, कारण ते असंच तिसऱ्या कडव्यात फसलं आणि तसंच रंगमंचावर गेलं.

२००९ साली आमच्या हौशी नाट्यमंडळाने एक नाटक बसवलं. नवरा गेल्यावर बोलणंच सोडून दिलेली एक बाई, आणि तिला बोलतं करू पाहणारी तिची लेक. लेकीच्या तोंडी गाणं हवं होतं. मी माणदेशातला. लहानपणी मळ्यात बैलांनी विहिरीचं पाणी ओढून काढणारी चामड्याची मोट पाहिलेली, चुलत्यांच्या मांडीवर मोटेच्या नाड्यावर बसून धावेवरून, म्हणजे बैलांच्या उतारावरून, खाली आलेला. त्यामुळे रूपक चटकन सुचलं: मन म्हणजे विहीर, बोल म्हणजे पाणी, गळा म्हणजे मोट. ध्रुवपद असं होतं:

खोल गेले बोल तुझे, सोड खाली मोट

पहिल्या कडव्यात बैल मागं सरत धाव चढतात, मोट पाण्याला टेकते, कलंडते, भरते. दुसऱ्या कडव्यावर माझा फार जीव होता. मोटेला दोन दोर असतात. जाड नाडा मोट ओढतो. बारीक सोंदूर तिची खालची नळीसारखी सोंड वर धरून ठेवतो आणि मोट काठावर आली की तीच सोंड कण्याच्या रुळावरून, पाणी पडतं त्या थारोळ्यात ओढून घेतो. सोंदूर सैल बांधला गेला तर सोंड वाटेतच लोंबते आणि मोट वर येईतो पाणी परत विहिरीत. ओठांपर्यंत आलेला शब्द माघारी जातो तो असाच. म्हणून लिहिलं:

सैल बांधला सोंदूर, सोंड खाली सरे
काठापाशी येता येता पाणी मागे फिरे

आणि तिसऱ्या कडव्यात मी हे केलं:

शब्दांना फुटले पंख, उडाले ते आभाळात

चाल तिथे वर चढत होती, ‘उडाले’वर थेट तार षड्ज. त्या जागी मला मोटेतलं काही सुचलं नाही, हातासरशी मिळालं ते घेतलं. तालमीला चुलते आले होते. मोटार बसेपर्यंत त्यांनी मोट हाकलेली. गाणं संपल्यावर म्हणाले, “समदं ब्येस हाय, पर मोटंत पाखरू कुठनं आलं रं?”

मी त्याच रात्री ओळ बदलायला बसलो. दिग्दर्शक म्हणाले, “ओळ राहू दे. प्रेक्षक गाणं ऐकतो, मोट तपासत नाही.” मला हे तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. प्रेक्षक तपासत नाही, पण दोन कडवी तो त्या विहिरीच्या काठावर उभा असतो. पंख आले की त्याला तिथून उचलून भलतीकडेच ठेवलं जातं, आणि चौथ्या कडव्यात पाणी पाटाला लागतं तेव्हा तो परत आलेला नसतो. प्रयोगात मी विंगेत उभा होतो. दुसऱ्या कडव्याला सभागृह गप्प होतं. पंखांवर टाळी आली, आणि पाटाच्या कडव्यात लोक खुर्चीत हलायला लागले. दिग्दर्शकांना टाळी ऐकू आली, मला पुढचं.

आता तुमची चूक नेमकी कुठे होते ते सांगतो. नामं आपण सांभाळतो. विहीर म्हटल्यावर कोणी जहाज लिहीत नाही. प्रतिमा घुसते ती क्रियापदातून. आशा ‘पालवते’ म्हटलं की झाड आलं. शब्द ‘पेटले’, आग आली. जीव ‘गुंतला’, दोरा आला. रोज वापरून गुळगुळीत झालेली ही क्रियापदं आपल्याला प्रतिमा वाटतच नाहीत, पण सलग रूपकाच्या शेजारी बसली की त्यांच्यातलं जुनं चित्र जागं होतं. म्हणून कागदावर फक्त क्रियापदांखाली रेघा मारा आणि प्रत्येकाला विचारा, हे काम या जागेवर होतं का? माझ्या गाण्यात टेकणे, कलंडणे, भरणे, सरणे, फिरणे सगळी मोटेची होती. ‘पंख फुटणे’ तेवढं बाहेरचं.

दुसरी चूक याहून लपून असते: प्रतिमा तीच राहते, पण अर्थ सरकतो. माझ्या चौथ्या कडव्याच्या पहिल्या खर्ड्यात थारोळ्यात पडणारं पाणी म्हणजे आसवं झाली होती. दोन कडवी पाणी म्हणजे बोल, आणि अचानक अश्रू. विहीर, मोट, पाट सगळं जागच्या जागी, तरी रूपक मोडलंच. ते मी वेळेत पकडलं आणि पाणी बोलच ठेवून पाटाने लेकीच्या वाफ्यापर्यंत नेलं, तिने दारं धरून ते वाफ्यात घेतलं.

कडव्यांचा क्रम कामाच्या क्रमातून घ्या. सेना महाराजांच्या ‘आम्ही वारीक’ या अभंगात विवेकाचा आरसा आधी दाखवला जातो, मग वैराग्याचा चिमटा, मग डोईला पाणी, अहंकाराची शेंडी, आणि कामक्रोधाची नखं त्यानंतर. हजामत जशी चालते तसाच अभंग चालतो. काम पुढे सरकत राहिलं की इकडेतिकडे बघायला सवडच मिळत नाही. त्यातही फिरून पहिल्या जागी येणारं काम मिळालं तर घ्या, कारण ध्रुवपदाला परत यायचंच असतं. रिकामी मोट पुन्हा खाली जाते, म्हणून ‘सोड खाली मोट’ प्रत्येक वेळी खरं वाटतं.

आता पंख. नाटकानंतर तीन वर्षांनी गावी गेलो होतो. मळ्यातली विहीर आता नुसती पडून आहे. आत डोकावून खडा टाकला, आणि दगडी बांधकामाच्या खोबणीतून पारव्यांचा थवा फडफडत माझ्या तोंडासमोरून वर गेला. पाखरू विहिरीत होतंच! मी ते बाहेरून उसनं आणलं होतं. तिथेच लिहिलं:

मोट उतरे विहिरी, उडे पारव्यांचा थवा
आधी निघे फडफड, मग पाण्याचा गारवा

बरेच दिवस न बोललेलं माणूस बोलायला लागतं तेव्हा पहिल्यांदा नुसती फडफडच बाहेर पडते, शब्द मागून येतात. जुन्या ओळीपेक्षा हे बाईबद्दल जास्त सांगतं. म्हणून तुमची यादी करायचीच असेल तर ती वस्तूंची नको. कोशातून नाडा, सोंदूर, कणा, धाव मिळतील, पारवे मिळणार नाहीत. त्या जागेवर अर्धा दिवस बसा, किंवा ते काम केलेल्या माणसाला गाणं वाचून दाखवा. वाचताना अर्थाचा शब्द (माझ्याकडे ‘बोल’) गाळा. उरलेलं त्याला पाणी काढण्याचं खरं वर्णन वाटलं पाहिजे.

एक राहिलं. हे सगळं एकाच रूपकावर गाणं उभं करायचं ठरवलं असेल तरच. बहिणाबाईंच्या ‘मन वढाय वढाय’मध्ये मन आधी उभ्या पिकातलं ढोर आहे आणि पुढे पाखरू. तिथे बहुतेक कडवी नव्याने ‘मन’ म्हणून सुरू होतात, म्हणून काही बिघडत नाही. बिघडतं ते एकाच चित्राच्या पोटात दुसरं शिरलं की. आणि चालीला वर जायला जागा हवी, हे दिग्दर्शकांचं म्हणणं बरोबर होतं. ‘उडे’ बरोबर त्याच षड्जावर बसतं, अक्षर न अक्षर. एकदा त्यांना पेटी घेऊन ते गाऊन दाखवायचं आहे.